‘महिन्याला किती?’ याचं उत्तर वर्षाच्या आकड्यात नसतं

ताई, मी 32 वर्षांचा, सहा वर्षं फ्रीलान्स व्हिडिओ एडिटिंग करतोय. गेल्या वर्षी 7 लाख 80 हजार आले, शिल्लक 3 लाख आहे, कर्ज नाही. ॲपवर मॅच होतात, गप्पा मस्त चालतात, मग विचारतात ‘महिन्याला किती?’ मी वर्षाचा आकडा सांगतो आणि पुढे गाडी थंड. आता एक जण आवडलीय, दोनदा भेटलो, ती म्हणाली लग्नानंतर नोकरी बघशील ना? मी म्हणालो ‘बघू’. तिला कसं समजावू? महिन्यांचे आकडे सोबत पाठवतोय.

अरे, आकडे पाठवलेस ते बरं केलंस, कारण उत्तर त्यातच आहे. बारा महिन्यांत सगळ्यात भारी महिना 1 लाख 40 हजारांचा आणि दोन महिने चक्क शून्य. आता समोरच्या मुलीला तू फक्त 7 लाख 80 हजार सांगितलंस की ती मनात भागाकार करते, 65 हजार महिना, आणि मग बोलता बोलता तुझ्याच तोंडून ‘या महिन्यात काहीच आलं नाही यार’ निघतं. झालं. तिला वाटतं हा फेकत होता. तू खोटं नव्हतास बोलत, पण सरासरी हा आकडा कुठल्याच महिन्यात तुझ्या खात्यात आलेला नाही ना.

ती ‘किती’ विचारते तेव्हा खरं विचारत असते की वाईट महिन्यात काय होणार. नोकरीवाल्याला हे कोणी विचारत नाही कारण त्याचा महिना सगळा सारखाच. म्हणून तू सरासरी सोडून दे आणि सगळ्यात वाईट अशा लागोपाठच्या तीन महिन्यांपासून सुरुवात कर. तुझ्या यादीत लागोपाठ 20 हजार, 75 हजार आणि शून्य असे तीन महिने आहेत, म्हणजे 95 हजार. त्यातला साधारण पाव भाग टॅक्स, सॉफ्टवेअर आणि मशीन यांना जातो असं धर, तुझा खरा खर्च बघून तो भाग कमीजास्त कर. उरले 71 हजार 250. तुझा घरखर्च तू 40 हजार लिहिलायस, तीन महिन्यांचे झाले 1 लाख 20 हजार. म्हणजे त्या तिमाहीत तुला जवळपास 49 हजार कमी पडले. आणि तरी तू उपाशी राहिला नाहीस, कोणाकडे उसने मागितले नाहीस, कारण शिल्लक होती. ही गोष्ट तू कोणालाच सांगितली नाहीयेस आणि सांगण्यासारखी नेमकी तीच आहे!

आता तिला सांगायच्या आधी एक काम करून टाक. दोन खाती कर. क्लायंटचे पैसे सगळे एकात येऊ देत आणि तिथून दर महिन्याच्या एक तारखेला 40 हजार घरच्या खात्यात जाऊ देत, चांगला महिना असो की शून्याचा. स्वतःला पगार दे थोडक्यात. हिशोब बसतो का बघ: 7 लाख 80 हजारातून पाव भाग गेला की 5 लाख 85 हजार, पगाराचे वर्षाला 4 लाख 80 हजार, वर 1 लाख 5 हजार उरतात. बसतोय. आणि तुझ्या 3 लाखांपैकी 2 लाख 40 हजार म्हणजे सहा महिन्यांचा पगार, तो क्लायंटवाल्या खात्यातच पडू दे, या पगाराशिवाय कशासाठीही त्याला हात लावायचा नाही, नवीन कॅमेऱ्यासाठी तर नाहीच. हे चार-सहा महिने चाललं की तुला ‘समजावायचं’ उरत नाही, तू सरळ म्हणू शकतोस की मला महिन्याला 40 मिळतात, काम नाही आलं तरी सहा महिने मिळत राहतील, आणि वर्षाअखेरीला वरचे उरतात. आकडा 65 पेक्षा लहान आहे, हो. पण खरा आहे, आणि खऱ्या आकड्यावर माणूस घर मांडायचा विचार करू शकतो. लग्नानंतर खर्च 40 वर थांबणार नाही हेही तूच आधी बोल, तिने काढायची वाट बघू नकोस.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुझ्या 7 लाख 80 हजारातले साडेचार लाख एकाच क्लायंटकडून आलेत. निम्म्याहून जास्त! ही नोकरीच झाली, फक्त नोटीस पीरियड नसलेली, त्यांनी एक मेल टाकला की संपलं. मी स्वतः अकरा वर्षं भाषांतराची कामं घेतेय, एकदा असाच एक मोठा क्लायंट एका आठवड्यात गेला आणि पुढचे पाच महिने मी काय केलं ते मलाच आठवायला नको वाटतं. हे तिला सांग. लपवलंस आणि नंतर कळलं तर दोन खात्यांचा सगळा हिशोब पाण्यात. आणि हेल्थ इन्शुरन्स स्वतःचा काढला आहेस का ते पत्रात नाहीये, कंपनी नाही म्हणजे तो तुलाच भरावा लागतो, हे ती विचारणार म्हणजे विचारणारच.

कधी किती सांगायचं? प्रोफाइलमध्ये सरळ ‘फ्रीलान्स व्हिडिओ एडिटर, सहा वर्षं’ लिही. ‘आंत्रप्रेन्योर’ वगैरे नको, ते वाचून लोकांना एकतर खूप पैसा वाटतो नाहीतर बेकार वाटतो. पहिल्या भेटीत काम काय आणि कामाचे तास कोणते एवढंच, कारण ‘घरीच असतोस ना’ याचा अर्थ बऱ्याच जणांना ‘रिकामा असतोस’ असा लागतो. आकडे तिसऱ्या-चौथ्या भेटीला, दोघांनाही पुढे जायचंय असं दिसलं की, आणि तेव्हा तिचेही आकडे विचार, फक्त तू परीक्षेला बसलेला नाहीस. (स्टार्टअपवाले वाचत असतील तर तुम्ही यात दोन गोष्टी जोडा, कंपनीकडे किती महिन्यांचे पैसे आहेत आणि कुठल्या कर्जावर तुमची पर्सनल गॅरंटी आहे का. शेअर्सची किंमत उत्पन्नात धरू नका, ती विकली जाईपर्यंत कागदच आहे.)

आणि हे सगळं ऐकूनही काही जणी नाही म्हणतील. जिच्या घरी वडिलांचा धंदा बुडालेला आहे, वसुलीवाले दारात येताना तिने बघितलेत, तिला तुझी दोन खाती दाखवून काही होणार नाही, तिला एक तारखेचा पगारच हवाय आणि त्यात तिची काही चूक नाही. म्हणून समजावण्याच्या आधी विचार की तुझ्या घरी पैशाची अडचण कधी आली होती का, कशी होती. उत्तरावरून कळेल बोलण्यात अर्थ आहे की नाही.

आता तुझं ते ‘बघू’. तुझ्या लेखी तो विषय टाळणं होतं, तिच्या लेखी ते ‘हो’ आहे. ती आता मैत्रिणीला सांगत असेल की नोकरी घेणारे तो नंतर. पुढच्या भेटीची वाट न बघता आजच तिला लिही, काहीसं असं: ‘परवा मी बघू म्हणालो ते बरोबर नव्हतं. माझा नोकरी घ्यायचा विचार नाहीये. सहा महिने लागोपाठ कामातून माझा ठरलेला पगार निघाला नाही तर मी नोकरी शोधेन, त्याच्या आधी नाही. वाईट महिन्यांचा हिशोब तुला दाखवायचाय, शनिवारी भेटू का?’

त्यातली सहा महिन्यांची अट खरंच पाळणार असशील तरच लिही हं.