पदवीचा निकाल यायच्या आत एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तर ‘३० सप्टेंबर’ची अट नेमकी काय असते?

प्रश्न: मी सोलापूरला बी.एस्सी. शेवटच्या वर्षाला आहे. सीयूईटी-पीजी देऊन बाहेरच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागलाय. चौथ्या सेमिस्टरचा एक विषय राहिला होता, तो यंदा सहाव्या सेमिस्टरबरोबर दिलाय. निकाल अजून नाही. पत्रात लिहिलंय की ३० सप्टेंबरपर्यंत निकाल द्या, नाहीतर प्रवेश रद्द. फी भरू का?

उत्तर:

फी भरा, पण आधी पत्रातली त्याच्या वरची ओळ वाचा. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचं काम बघतो. दरवर्षी मुलं ३० सप्टेंबर ही एकच तारीख लक्षात ठेवून येतात. अशा पत्रात बहुतेक वेळा दोन अटी असतात. पहिली, प्रवेशाच्या दिवसापर्यंत पदवीच्या सगळ्या परीक्षा देऊन झालेल्या असाव्यात, म्हणजे लेखी, प्रॅक्टिकल, तोंडी आणि मागे राहिलेले विषयसुद्धा. दुसरी, त्या परीक्षांत पास झाल्याचा कागद अमुक तारखेपर्यंत द्यावा. ३० सप्टेंबर ही फक्त कागदाची मुदत आहे, पेपर देण्याची नव्हे.

तुम्ही राहिलेला विषय याच उन्हाळी परीक्षेत दिलाय, म्हणून पहिली अट तुम्ही पाळली आहे. त्यात पास झालात तर प्रश्नच नाही. पण तो पुन्हा राहिला, तर पुढची संधी हिवाळी परीक्षेत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि तिचा निकाल ३० सप्टेंबरच्या आत येण्याचा प्रश्नच येत नाही. ‘निकाल यायचा आहे’ आणि ‘विषय राहिला आहे’ या दोन गोष्टी मुलांच्या बोलण्यात एकच होतात, पण प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्या दृष्टीने पहिल्यात सवलत आहे, दुसऱ्यात नाही. सीयूईटी घेणारी एनटीए तुमची पदवी तपासत नाही. ते काम ज्या विद्यापीठात नंबर लागला त्याचं. त्यामुळे स्कोअर कार्ड हातात आहे म्हणून पात्रता सिद्ध झाली, असं धरू नका.

निकाल कधी येईल याचा अंदाज बांधता येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ प्रमाणे विद्यापीठाने परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत तो लावायचा असतो. समजा तुमचा शेवटचा पेपर ३० मे रोजी झाला, तर ४५ वा दिवस १४ जुलैला येतो. काही कारणाने महिनाभर उशीर झाला तरी तुमच्या हातात सप्टेंबर राहतो. म्हणून उशिराची मला तितकीशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती निकाल लागूनही तुमच्या नावापुढे ‘राखीव’ दिसण्याची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मोहोळ तालुक्यातली एक मुलगी, घरची पहिली पदवीधर. सहाव्या सेमिस्टरला चांगले मार्क, बाहेर प्रवेश झालेला, होस्टेलही मिळालेलं. निकाल जुलैत लागला, पण तिचा राखीव. ती समजली, आपोआप सुटेल, आणि तिकडे निघून गेली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडून पत्र आलं, तेव्हा तिने वडिलांना आमच्याकडे पाठवलं. शोधलं तेव्हा कळलं की चौथ्या सेमिस्टरच्या एका विषयाचे अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क कॉलेजकडून ऑनलाइन भरलेच गेले नव्हते. विषय ती पास होती, पण लेखी आणि अंतर्गत असा जोड न लागल्याने संगणकाला तो अपूर्णच दिसत होता. चूक आमची होती. ती वर्षभर कुणाच्या लक्षात आली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग विषयशिक्षकांकडून मूळ मार्कलिस्टची सही-शिक्क्याची प्रत घेतली, प्राचार्यांचं पत्र जोडलं, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कागद जमा करून पोच घेतली. त्याच दिवशी मुलीने तिकडच्या प्रवेश विभागाला अर्ज दिला, सोबत ती पोच आणि प्राचार्यांचा दाखला, की सर्व परीक्षा अमुक तारखेला संपल्या असून निकाल फक्त मार्कांच्या नोंदीअभावी राखीव आहे. निकाल २६ सप्टेंबरला सुटला. चार दिवस उरले होते. तिकडून मुदतवाढ मिळाली असती की नाही, ते सांगता येत नाही. मुदतवाढ हा हक्क नसतो, आणि तारीख उलटल्यावर मागितली तर बहुधा कुणी ऐकत नाही.

म्हणून तुम्ही निकालाची वाट न बघता याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जा. पहिल्यापासून पाचव्या सेमिस्टरपर्यंतच्या सगळ्या मार्कशीट समोर ठेवा आणि प्रत्येक विषयापुढे लेखी आणि अंतर्गत दोन्ही मार्क आहेत का बघा. कुठे रिकामी जागा, ‘गैरहजर’ किंवा राखीव दिसलं तर तिथेच अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या. चौथ्या सेमिस्टरच्या तुमच्या विषयाचे जुने अंतर्गत मार्क पुढे घेतले गेलेत का, हे खास विचारा. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

एक किमान टक्केवारीची अटही पत्रात असेल. पास होणं आणि ती टक्केवारी गाठणं वेगळं. ५५ मागितले असतील तर ५४.८ ला ५५ धरत नाहीत, जोवर नियमात तसं लिहिलेलं नाही. काठावर असाल तर फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज निकालानंतर लगेच करा, कारण त्याचा निकालही ३० सप्टेंबरच्या आतच हवा.

आता फीचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे परतावा प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेवरून मोजतात, निकालाच्या मुदतीवरून नव्हे. ती तारीख १५ किंवा जास्त दिवस पुढे असताना रद्द केलं तर पूर्ण, नंतर टप्प्याटप्प्याने कमी, आणि ती उलटून ३० दिवस झाले की शून्य. समजा प्रवेशाची शेवटची तारीख ३१ जुलै आहे. मग ३० सप्टेंबरला प्रवेश गेला तर या हिशोबाने हातात काहीच येत नाही. २०२४-२५ साठी मात्र यूजीसीने वेगळं सांगितलं होतं: ३० सप्टेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण फी, ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर १,००० रुपये कापून. तुमच्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा आणि निकाल लागल्याबरोबर तो विषय पुन्हा राहिल्याचं दिसलं, तर तिकडून रद्द होण्याची वाट न बघता स्वतः लेखी अर्ज करून प्रवेश मागे घ्या.

आणि हमीपत्रावर सही करण्याआधी पाहा, त्यात ‘निकाल सादर करीन’ लिहिलंय की ‘उत्तीर्ण असल्याचा पुरावा सादर करीन’. दुसरं असेल तर इंटरनेटवरच्या निकालाची प्रिंट पुरेल की मार्कशीट किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्रच लागेल, हे तिकडच्या प्रवेश विभागाला ईमेलने विचारा. फोनवरचं उत्तर सप्टेंबरमध्ये दाखवता येत नाही.