सरतपास, उलटतपास आणि पडद्यावरचं ऑब्जेक्शन

प्रश्न : सिनेमात वकील उलटतपासणी सुरू झाली की ‘ऑब्जेक्शन, माय लॉर्ड’ ओरडतात. खऱ्या कोर्टात असं होतं का? आणि शब्द ‘उलटतपास’ की ‘उलटतपासणी’? ‘उलट’ म्हणजे नेमकं काय उलट?

आधी एक तक्रार. ‘पोलिसांनी संशयिताची उलटतपासणी केली’ हे वाक्य बातम्यांतून हद्दपार व्हायला हवं. पोलीस चौकशी करतात, जबाब नोंदवतात. उलटतपास न्यायालयात होतो आणि तो घेतो विरुद्ध बाजूचा वकील. ‘उलट’ म्हणजे ही विरुद्ध बाजू. दरडावणं, गोंधळवणं, उलटसुलट विचारणं हा अर्थ त्यात नाही.

खरी गंमत मात्र त्याच्या जोडीदारात आहे. साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूने आधी घेतलेला तपास म्हणजे सरतपास. हा ‘सर’ सरळमधला आहे, असं छातीठोक सांगणारे अभ्यासक आहेत. ते साफ चूक आहेत. हा फारसी ‘सर’, म्हणजे डोकं. सरदार, सरपंच, सरन्यायाधीश यांतला. संस्कृत ‘शिरस्’ त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजीत या तपासाला ‘एक्झामिनेशन इन चीफ’ म्हणतात आणि तो ‘चीफ’ शेवटी लॅटिन ‘कापुत’वरून, म्हणजे पुन्हा डोक्यावरूनच आला! हा शब्द घडवणाऱ्याने डोक्याला डोकं जोडलं, तेही समजून उमजून, असं माझं ठाम मत आहे. कारण कचेरीत फारसी मुरलेली होती. कोर्टातला शिरस्तेदार घ्या : मूळ ‘सररिश्तादार’. ‘सर’ म्हणजे डोकं किंवा टोक, ‘रिश्ता’ म्हणजे धागा. दप्तराच्या धाग्याचं टोक ज्याच्या हाती तो शिरस्तेदार, आणि आपला रोजचा ‘शिरस्ता’ही तिथलाच. असा शब्द हाताशी असताना ‘मुख्य तपासणी’ सुचवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

सर आणि उलट यांतला भेद कळला की पडद्यावरची चूक लगेच दिसते. मोटरसायकल चोरीचा खटला घ्या. सरकारी वकील आपल्या साक्षीदाराला विचारतील, ‘त्या रात्री तुम्ही काय पाहिलंत?’ ‘आरोपीला गाडी नेताना पाहिलंत ना?’ असं विचारलं, तर उत्तर प्रश्नातच आलं. हा सूचक प्रश्न. सरतपासात बचाव पक्ष त्याला हरकत घेऊ शकतो. उलटतपासात मात्र सूचक प्रश्न विचारण्याची कायद्यानेच मुभा आहे. ‘रस्त्यावरचा दिवा बंद होता ना?’ हे बचावाचे वकील खुशाल विचारतील. सिनेमातला वकील नेमका इथेच ‘हा साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालतोय’ म्हणून ओरडतो.

शिवाय ओरडून मिळवायचं काय? फौजदारी खटल्यात साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत लिहिली जात नाही. न्यायाधीश ती साक्षीदाराच्या तोंडची सलग हकिगत म्हणून लिहवून घेतात. वरचा दिव्याचा प्रश्न नोंदीत असा उतरतो : ‘घटनेच्या वेळी रस्त्यावरचा दिवा बंद होता हे खरे आहे.’ आणि वकिलाने ‘तुम्ही आरोपीला पाहिलंच नाही’ असं सुचवलं आणि साक्षीदाराने नाकारलं, तर : ‘मी आरोपीला पाहिले नाही हे म्हणणे खरे नाही.’ ही दुहेरी नकाराची वाक्यं म्हणजे मराठी साक्षीची खास चाल. वकिलाचा आवाज किती चढला होता, याचा कागदावर मागमूस नसतो. हरकत घ्यायची ती उभं राहून, एका वाक्यात, कारणासह. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की पुराव्याच्या ग्राह्यतेवरची हरकत नोंदवून पुढे जावं आणि निर्णय शेवटी द्यावा. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने ही पद्धत बदलली : प्रश्नावरच्या हरकतीचा निकाल तिथल्या तिथे, निदान त्या साक्षीदाराची साक्ष संपताना द्यावा.

ऐनवेळी दार ढकलून येणारा साक्षीदारही पडद्यावरच भेटतो. फौजदारी खटल्यात सरकार पक्षाच्या साक्षीदारांची यादी दोषारोपपत्रासोबत येते आणि त्यांच्या जबाबांच्या नकला आरोपीला आधीच मिळतात. यादीबाहेरच्या माणसाला बोलावता येतं, पण त्यासाठी अर्ज, कारण आणि न्यायालयाची परवानगी लागते. तो आला की त्याचा उलटतपास घेण्याची संधी समोरच्याला मिळते.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण तिथे ‘उलट’ खरोखर उलटतं. सरकारी साक्षीदार फितूर झाला, तर सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराला उलटतपासातले प्रश्न विचारू शकतात. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये ही सोय होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम १५७ मध्ये आहे. गंमत अशी की कलमात ‘फितूर’ अशा अर्थाचा शब्दच नव्हता, तो वकिलांनी रूढ केला. मूळ अरबी ‘फुतूर’ म्हणजे ढिलाई, शिथिलता. मराठीत त्याचा अर्थ ‘विश्वासघात’ असा झाला. साक्षीदार फितूर ठरला म्हणून त्याची सगळी साक्ष मात्र रद्द होत नाही. तिच्यातला विश्वासार्ह भाग न्यायालय विचारात घेऊ शकतं.

राहिला तुमचा ‘तपास’ की ‘तपासणी’. दोन्ही चालतात. वकिलांच्या बोलण्यात ‘उलटतपास’ अधिक ऐकू येतो, मलाही तोच आवडतो.