‘खाली’ दोन्हीकडे चालतं, ‘गडगड’ चालत नाही

प्रश्न: मुलीसाठी मराठीत यमकांची एक छोटी गोष्ट लिहिली आहे. चित्रंही काढून झाली आहेत. आमच्याकडे नागपुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी, म्हणून तीच गोष्ट तिन्ही भाषांत हवी आहे. पण हिंदी-इंग्रजीत नेली की परत परत येणाऱ्या ओळींची गंमतच जाते. ते आवाज कसे टिकवायचे?

उत्तर:

मीही नागपूरचाच. आमच्या कॉलनीतल्या मुलांसाठी शनिवारी संध्याकाळी गोष्टी वाचतो. समोर वीसेक पोरं, आणि तुमच्या मुलीसारखीच तीन भाषांत वावरणारी. तुम्ही म्हणता तसा फज्जा माझा एकदा उडाला आहे, तर तीच गोष्ट सांगतो.

आजी डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन निघते. टोपलीला भोक आहे. पाच संत्री एकेक करून पडतात, प्रत्येक संत्रं वाटेतल्या एका प्राण्याला मिळतं आणि आजी घरी पोचते तेव्हा टोपलीत काहीच नसतं. दर संत्र्याला ही ओळ यायची:

गडगड गडगड संत्रं आलं,
खाली, खाली, खाली गेलं!

मराठीत पोरांनी ती दुसऱ्याच खेपेला उचलली. इथली निम्मी पोरं ‘संत्रा’ म्हणतात, त्यामुळे त्यांनी आपापलं ‘संत्रा आला, खाली गेला’ करून टाकलं. तरी काही बिघडलं नाही, कारण दोन्ही क्रियापदांची टोकं एकदमच बदलतात.

मग मी हिंदी केली, शब्दाला शब्द ठेवून: ‘गड़गड़ गड़गड़ संतरा आया, नीचे, नीचे, नीचे गया’. वाचली, तर दोन-तीन पोरं खिडकीतून आभाळाकडे बघायला लागली. मराठीत ढग गडगडतो आणि फळही गडगडत जातं. हिंदीत ‘गड़गड़’ म्हटलं की आधी ढग आठवतो, फळ मात्र ‘लुढ़कतं’. आणि ‘खाली’चं ‘नीचे’ केल्यावर ओळीतला ‘ली’ गेला, जो पोरं खरं तर ओढून ओढून म्हणत होती.

तेव्हा कळलं की भाषांतर करायचं ते शब्दांचं नव्हे. आधी ठरवायचं की त्या ओळीत कोणता आवाज काम करतोय, आणि तो तिन्ही भाषांच्या तोंडात बसतो का. माझ्या ओळीत दोन आवाज होते, ‘गड’ आणि ‘ली’. ‘ड’ इंग्रजीत आपल्यासारखा नाही. ‘ल’ तिन्हीकडे आहे. तुमच्या गोष्टीत खळखळ, झुळझुळ, सळसळ असं काही असेल तर आधीच सावध व्हा. ‘ळ’ हिंदीत उतरत नाही, आणि ‘खलखल’ केलं तर ओढा आटल्यासारखा वाटतो. म्हणून मी ‘गड’वर पाणी सोडलं आणि ‘ली’ धरून ठेवला.

तो धरल्यावर हिंदीनं एक मोठीच गोष्ट हातात दिली. ‘खाली’ हा शब्द हिंदीतही आहे, पण तिथे त्याचा अर्थ रिकामं! आणि टोपली तर रिकामी होतच होती. म्हणजे आवाज तोच, गोष्टही तीच, फक्त नजर संत्र्यावरून टोपलीकडे गेली. मी लिहिलं:

लुढ़क-लुढ़क लो, बज गई ताली,
टोकरी खाली, खाली, खाली!

‘ताली’ला पोरं टाळी वाजवतील असा हिशेब, आणि त्यांनी वाजवलीही. पण पहिल्याच संत्र्याला एक पोरगी म्हणाली, “अंकल, अभी तो चार बचे हैं!” बरोबर होतं तिचं. मोठ्यांना यमक मिळालं की पुरतं, पाच वर्षांच्या पोराला हिशेबही लागतो. दोन दिवस डोकं खाजवल्यावर हे जमलं:

लुढ़क-लुढ़क लो, बज गई ताली,
खाली, खाली, होगी खाली!

आणि शेवटच्या संत्र्याला फक्त एवढंच: ‘खाली, खाली, हो गई खाली!’ ‘होगी’ आणि ‘हो गई’ भरभर म्हटलं तर कानाला जवळजवळ एकच, पण चार वेळा ‘होईल’ आणि पाचव्यांदा ‘झाली’. ही गंमत माझ्या मराठी मूळ ओळीत नव्हती. टोपलीला मराठीसारखंच हिंदीतही स्त्रीलिंग आहे म्हणून हे जुळलं. तिथे ‘डिब्बा’ असता तर ‘होगा’ आणि ‘हो गया’ करावं लागलं असतं आणि ‘खाली’शी ‘ई’चा मेळ गेला असता. तेव्हा ज्या वस्तूभोवती ओळ फिरते तिचं लिंग दोन्ही भाषांत तपासून घ्या.

आता मोजमापाचं. मराठी आणि हिंदी ओळ मी मात्रांनी मोजतो, ऱ्हस्वाची एक आणि दीर्घाची दोन. ‘गडगड गडगड संत्रं आलं’ म्हणजे चार-चारचे चार गट, सोळा मात्रा. दर गटाला एक टाळी. पण कागदावर मोजून फसगत होते. ‘संतरा’ लिहिताना पाच मात्रा भरतात, बोलताना ‘संत्रा’ होऊन चारच. ‘टोकरी’चंही तसंच, आणि वरच्या ओळीतलं ‘गई’ कागदावर तीन मात्रांचं, तोंडात दोनच. म्हणून मोठ्यानं म्हणा आणि मांडीवर टाळी धरा. टाळी अडखळली तर ओळ चुकली, मग कागद काहीही सांगो.

इंग्रजीत मात्रा मोजायच्या भानगडीत पडू नका. तिथे शब्दाच्या ज्या भागावर जोर येतो ते ठोके मोजायचे, मधले बारीक अवयव दोन असोत की तीन, ते घाईत उरकले जातात. आपल्या चार टाळ्यांच्या जागी चार ठोके आले की तिन्ही भाषांत पोरं एकाच चालीवर म्हणू शकतात. दुसरी अडचण खास आपल्या नागपूरकरांची: ‘ऑरेंज’ला इंग्रजीत धड यमकच सापडत नाही. ओळीच्या शेवटी तो आला की तुम्ही अडकलात, म्हणून त्याला ओळीच्या पोटात ढकलायचा. माझी ओळ अशी झाली:

रोली-पोली, रोली-पोली, रोल, रोल, रोल!
आउट गोज ऍन ऑरेंज थ्रू द राउंड, राउंड होल!

दुसऱ्या ओळीत जोर ‘आउट’, ‘ऑ’, पहिला ‘राउंड’ आणि ‘होल’ या चार जागी पडतो. ‘खाली’ गेला पण ‘ली’ राहिला, ‘रोली-पोली’त. टोपलीचं भोक मराठीत एकदा सुरुवातीला सांगून सोडून दिलं होतं, ते इथे यमकासाठी दर वेळी येतं. (पोरांना पहिल्यांदा ‘पोळी’ ऐकू आलं आणि पाच मिनिटं हसण्यात गेली. ते तुमच्याकडेही होईल.)

तुमची चित्रं तयार आहेत हे वाचून थोडी काळजी वाटली, कारण खरी अडचण तिथे येते. माझ्या एका पानावर मांजर समोर पडलेल्या संत्र्याकडे बघत बसलंय. मराठी ओळी सरळ सुचल्या:

वाटेवरती होतं मांजर,
म्हणतं कसं, ‘हे गोल गाजर?’

हिंदीत ‘बिल्ली’ला यमक शोधत ‘खिल्ली’पर्यंत गेलो. पण चित्रातली मांजर कुणाची खिल्ली उडवत नाहीये, आणि तो शब्द एवढ्या लहान पोरांना कळतही नाही. शेवटी ‘बिल्ली’ ओळीच्या टोकावरून काढून सुरुवातीला आणली:

बिल्ली बोली, ‘म्याऊँ-म्याऊँ,
गोल-गोल है, कैसे खाऊँ?’

इंग्रजीत ‘कॅट’ला ‘हॅट’ लगेच मिळते, मांजर संत्र्याची टोपी घालते, मजेदारही झालं असतं. पण टोपी चित्रात नाही. म्हणून ‘कॅट’ला ‘व्हॉट इज दॅट?’ जोडलं. मी आता हेच पाळतो की चित्रात जे दिसतं ते बदलायचं नाही, पात्र काय बोलतं ते हवं तसं बदलायचं. मांजर काय म्हणालं हे चित्रकाराला काढता येत नाही, तेवढी जागा आपली.

तुमच्या ओळींत ‘पाणीबिणी’, ‘टोपलीबिपली’ असे जोडशब्द असतील तर हिंदीत ते सोपे आहेत, ‘बि’च्या जागी ‘व’ येतो: ‘पानी-वानी’, ‘टोकरी-वोकरी’. (माझी आजी तर ‘चहा-गिहा’ म्हणायची.) इंग्रजीत मात्र कुठल्याही शब्दाला शेपूट लावायची अशी सवय नाही. तिथे त्याऐवजी आतला स्वर बदलतात, ‘झिग-झॅग’, ‘डिंग-डाँग’, आणि ‘इ’ नेहमी आधी येतो. उलट केलं तर लहान पोरालाही खटकतं. तेव्हा त्या जागी तसला एखादा शब्द बसवा, अर्थ थोडा सरकला तरी हरकत नाही.

जमलं की नाही हे बघायला मी एक करतो. गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचायला देतो आणि तिसऱ्या खेपेला ओळीचा शेवटचा शब्द न म्हणता थांबायला सांगतो. पोरांनी तो शब्द आपणहून भरला तर ओळ बसली. चुकीचा भरला तर त्यांचा शब्द लिहून ठेवा, पुष्कळदा तो आपल्यापेक्षा बरा असतो. मुद्दाम स्वतः वाचत नाही, कारण आपण लिहिलेल्या ओळीतली खोट आपण आवाज ओढून भरून काढतो.

हिंदी झाल्यावर मी परत मराठीकडे आलो आणि शेवटचं पान बदललं:

दमली आजी, दारी आली,
टोपली खाली, खाली, खाली!

पुण्याच्या मावशीनं वाचून विचारलं, “दारात आल्यावर टोपली खाली ठेवली, हो ना?” कॉलनीतली पोरं मात्र टोपली पालथी केल्यासारखे हात उलटे करून दाखवतात.