मिक्सरचा आउटपुट आणि खोलीतला माइक एकत्र केल्यावर भजनात दुहेरी आवाज का येतो?

प्रश्न: मिक्सरमधून आणि सभागृहातल्या माइकवरून वेगवेगळं रेकॉर्डिंग केलं. दोन्ही एकत्र वाजवलं की बुवांचा आवाज दुहेरी येतो. काय करू?

उत्तर: सभागृहातल्या माइकचा ट्रॅक थोडा आधी सरकवा. मिक्सरचा सिग्नल तारेतून लगेच पोहोचतो, पण स्पीकरचा आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटरने जातो. माइक स्पीकरपासून 12 मीटरवर असेल तर तो सुमारे 35 मिलिसेकंद मागे पडतो. गजर सुरू होण्याआधीचा टाळाचा एखादा सुटा ठोका दोन्ही ट्रॅकवर मोठा करून पाहा आणि त्यांची टोकं जुळवा. टाळ मिक्सरमध्ये नीट आला नसेल, तर बुवांच्या माइकवरची टाळी चालेल.

मग मिक्सरचा ट्रॅक मुख्य ठेवा. त्यात गळा आणि पेटी स्वच्छ असते, पण टाळ आणि टाळकऱ्यांचा कोरस जवळजवळ नसतोच. ते खोलीच्या ट्रॅकमधून हळूहळू वर आणा. सुरुवात 10 डेसिबल खालून करा. त्या ट्रॅकवर 120 हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर पखवाजाचा धुम घुमत राहतो.

एक अडचण मात्र उरते. दोन ट्रॅक दोन वेगळ्या यंत्रांवर घेतले असतील, तर सुरुवातीला जुळवलेलं दोन तासांच्या कीर्तनात शंभरेक मिलिसेकंदांनी सुटू शकतं. शेवटचा ठोकाही तपासा; तिथे फरक दिसला तर दर अर्ध्या तासाला, दोन अभंगांमधल्या शांततेत ट्रॅक कापून पुन्हा जुळवा.