व्हाउचर छापण्याआधी एवढं ठरवा

दुकानाचं गिफ्ट व्हाउचर काढणार असाल तर सगळ्यात आधी उरलेल्या रकमेचं ठरवा, काउंटरवर वाद तिथेच होतो. समजा व्हाउचर १००० रुपयांचं आणि बिल झालं ६४०. उरलेले ३६० रोख देऊ नका. व्हाउचरच्या मागे शिल्लक रक्कम आणि तारीख लिहून शिक्का मारा, आणि दुकानाच्या वहीतही त्या व्हाउचरच्या नंबरापुढे नोंदवा. वहीत नोंद नसेल तर मागची खाडाखोड पकडता येत नाही.

मुदत ‘सहा महिने’ अशी नको. शेवटची तारीखच छापा, मराठीत आणि कन्नडमध्येही. खानापूर-चंदगडकडची बरीच माणसं सणाच्या खरेदीलाच बेळगावात येतात, म्हणून ती तारीख दिवाळीनंतरची ठेवा.

व्हाउचर ज्याच्या हातात त्याचं, नाव विचारत बसू नका. मुदतीनंतर १५ दिवसांची सवलत देणार असाल तर तीही छापा, म्हणजे ओळखीच्याला एक आणि परक्याला दुसरा नियम होणार नाही.