‘हाय’ला उत्तर कोणत्या भाषेत?

प्रश्न: माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. व्हॉट्सॲपवर नवीन गिऱ्हाईक नुसतं ‘हाय’ किंवा ‘गुड मॉर्निंग’ एवढंच इंग्रजीत पाठवतं. नाव मराठी दिसतं. मग उत्तर इंग्रजीत द्यावं की मराठीत?

उत्तर: मराठीत द्या, पण चार-पाचच शब्दांत, आणि खरा निर्णय दुसऱ्या मेसेजवर सोडा.

मी देवगडहून हापूस विकतो. मार्च ते मे फोन खाली ठेवता येत नाही आणि त्यातले निम्मे मेसेज ‘हाय’ने सुरू होतात. त्या ‘हाय’वरून माणसाची भाषा कळत नाही. ती दाराची कडी वाजवणं आहे. कीबोर्ड इंग्रजीवर असतो आणि दोन अक्षरांत काम होतं, म्हणून लोक ते टाकतात. फेसबुकच्या जाहिरातीवरून येणाऱ्यांचं तर विचारूच नका. बटण दाबलं की ‘याबद्दल आणखी माहिती मिळेल का’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आधीच भरलेलं असतं, माणूस नुसतं पाठवतो. तुम्हीही जाहिरात देत असाल तर ते वाक्य बदलून मराठी करता येतं. मी केलं, तेव्हापासून तिकडून येणारे बरेच जण पुढेही मराठीतच बोलतात.

पहिल्या वर्षी मी ‘हाय’ला ऐटीत चार ओळींचं इंग्रजी उत्तर द्यायचो. पुण्याच्या एका काकूंनी ते वाचलं, निळ्या टिका आल्या आणि पुढे सामसूम. आठवड्याने त्यांचा फोन आला: “अहो, मला वाटलं कुणीतरी कंपनीवाला आहे. बागायतदार असं बोलतो का?” त्यांनी दुसरीकडून पेटी घेतली होती.

आता मी एवढंच लिहितो:

```
नमस्कार, बोला. आंबा हवाय का?
```

‘बोला’ का, तर मराठीत पहिल्याच वाक्यात पाय अडकतो. इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की सुटलो. आपल्याकडे तू की तुम्ही ते ठरवावं लागतं, आणि ‘कुठून बोलताय’ चाललं तरी ‘तू कुठून बोलतेस’ म्हटलं की समोर बाई आहे हेही ठरून जातं. प्रोफाइलला मुलाचा फोटो आणि फोन आजींचा, असं माझ्याकडे झालेलं आहे. ‘बोला’मध्ये मानही येतो आणि बाई की बुवा हे ठरवावं लागत नाही. ‘आपण’ मात्र नको, बँकेतून आल्यासारखं वाटतं.

त्याच्यामागे लगेच दराचा फोटो जातो. त्यात आकडे मुद्दाम 4, 5, 6 असे आहेत, ४, ५, ६ असे नाहीत. मराठी न वाचणाऱ्यालाही पेटी किती डझनाची आणि किती रुपयांची ते कळतं.

नावाचं म्हणाल तर त्यावर विसंबू नका. एका पाटलांना मी सगळं मराठीत लिहीत बसलो, ते निघाले धारवाडचे, कन्नड बोलणारे. देशपांडे तिकडेही आहेत, देसाई गुजरातेतही आहेत, जोशी तर कुठेही भेटतात. उलट पुण्यातले शहा माझ्यापेक्षा झणझणीत मराठी बोलतात.

आता दुसरा मेसेज बघा. रोमन अक्षरांत का होईना, ‘भाव काय’ असं आलं की मराठी पक्की. पण मग लिपी कोणती? मी त्यांचीच ठेवतो, म्हणजे रोमनला रोमन. अमेरिकेतून आईवडिलांसाठी पेटी मागवणारी, तिकडेच शिकलेली मुलं मराठी छान बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. पत्ता आणि तारीख अशा गोष्टी अडखळत वाचल्या की घोटाळा होतो. दुसरा मेसेजही सरळ इंग्रजी वाक्यात आला तर मीही इंग्रजीवर जातो. तिथे मराठीचा हट्ट नाही, समोरच्याला आंबा हवाय.

एक जागा बहुतेक जण विसरतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज असतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला तो जातो आणि 14 दिवस बोलणं नसेल तर जुन्यालाही पुन्हा जातो. तिथे इंग्रजी परिच्छेद भरून ठेवला असेल तर तुम्ही मागाहून कितीही गोड मराठी लिहा, पहिलं उत्तर इंग्रजीतच गेलेलं असतं. माझाही तसाच होता, काकूंच्या फोननंतर बदलला.

भाषा कळली की त्या नंबराला ‘मराठी’ किंवा ‘इंग्रजी’ असं लेबल लावा, कारण पुढच्या हंगामात तोच माणूस पुन्हा नुसतं ‘हाय’ म्हणतो. काकूंचाही यंदा मार्चमध्ये ‘हाय’च आला. मी लिहिलं, “नमस्कार काकू, पेटी किती डझनाची?” उत्तर रोमनमध्ये आलं: पाचची, आणि या वेळी पिकायला आलेली पाठव रे.