कँटोनीजचे ला, गा आणि वॉ

प्रश्न : "मी हाँगकाँगच्या एका टीमबरोबर काम करतो. ती मंडळी चॅटवर इंग्रजी लिहितानाही 'ok la', 'need booking ga', 'he not come wo' असं लिहितात. हे la, ga, wo म्हणजे नेमकं काय? मी वाचताना ते सोडून देतो. त्यानं काही बिघडतं का?"

बिघडतं, आणि सगळ्यात जास्त wo सोडल्यानं. पण आधी हे शब्द वाक्याच्या शेवटीच का येतात ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

हाँगकाँगची मंडळी बोलतात ती कँटोनीज, आणि या भाषेत प्रत्येक अक्षराला ठरलेला सूर असतो. असे सहा सूर आहेत. 'सी' हा एकच उच्चार घ्या. पहिल्या, उंच सपाट सुरात त्याचा अर्थ कविता, दुसऱ्या, वर चढणाऱ्या सुरात इतिहास, तिसऱ्या, मधल्या सुरात प्रयत्न करणं, चौथ्यात वेळ, पाचव्यात बाजार आणि सहाव्यात काम किंवा बाब. सूर असा शब्दातच अडकून पडला की बोलणाऱ्याला तो मनासारखा वरखाली करायला फारशी मोकळीक राहत नाही. आपण मराठीत 'तो येणार नाही' हे एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणू शकतो: चिडून, आश्चर्यानं, सांगोवांगी, समजूत घालत. तिथे ही कामं मोठ्या प्रमाणात वाक्याच्या शेवटी येणारी छोटी अक्षरं करतात. अशी अक्षरं तीसेक तरी आहेत. त्यांतल्या ला, लो आणि वॉ या तिघांचा बारकाईनं अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ के. के. लूक यांनी १९९० साली तो प्रसिद्ध केला होता. संभाषणाच्या ध्वनिमुद्रणांवरून केलेला तो अभ्यास आहे, आणि या अक्षरांकडे तसंच पाहायला हवं. एकटं अक्षर शब्दकोशात उघडून पाहिलं तर हाती काही लागत नाही.

शेवटच्या या अक्षरांनाही सूर असतात, आणि चॅटमधली सगळी अडचण तिथूनच सुरू होते. रोमन लिपीतला la सूर दाखवत नाही. चिनी अक्षरातही तो पुरता दिसतोच असं नाही, कारण हाँगकाँगच्या शाळेत लिहायला शिकवतात ती प्रमाण चिनी. वर्तमानपत्रांतही मुख्यतः तीच असते. बोलण्यातली ही अक्षरं कशी लिहायची हे कुणी ठरवून दिलेलं नाही. उदाहरणार्थ 'गा'साठी 㗎 हे अक्षर आहे, पण पुष्कळ लोक त्याच उच्चाराचं 架, म्हणजे 'चौकट', लिहून मोकळे होतात, नाहीतर सरळ ga टाइप करतात. (यातली बहुतेक खास अक्षरं ओळखायची एक खूण आहे: 啦, 㗎, 喎 या सगळ्यांच्या डाव्या बाजूला 口 आहे. त्याचा अर्थ तोंड. मला ही खूण फार आवडते.)

आता ला. या एका la मागे दोन वेगळे शब्द लपलेले असतात. पहिल्या, उंच सुरातला ला मन वळवतो: विनंती, आग्रह, सुचवणं, मान्य करणं. तिसऱ्या, मधल्या सुरातला ला सांगतो की परिस्थिती आता बदलली आहे. 'सिक' म्हणजे खाणं. उंच सुरात 食啦 म्हटलं की 'खा ना', आणि मधल्या सुरात 食喇 म्हटलं की 'चला, खायला बसलो' किंवा 'आता खातोय'. हाँगकाँगमध्ये पुस्तकी शिस्त पाळणारे दोघांसाठी दोन अक्षरं वापरतात, 啦 आणि 喇. चॅटवर मात्र बरेच जण दोन्हींसाठी 啦 च लिहितात, आणि रोमनमध्ये तर दोन्ही la च होतात.

त्यामुळे तुमच्या 'ok la' चे दोन अर्थ निघतात. 'हो, चालेल ना' हा एक, आणि 'झालं, आता ठीक आहे' हा दुसरा. आधीचा मेसेज पाहा. तुम्ही काही विचारलं असेल आणि त्यावर हे उत्तर आलं असेल, तर तो पहिला ला. त्यात कधीकधी 'बरं बाबा, तुझंच खरं' अशी थोडी नाखुशीही असते. काही बिघडलेलं असेल आणि ते दुरुस्त झाल्यावर हा मेसेज आला असेल, तर दुसरा. उंच ला घाईतही वापरतात: 快啲啦, म्हणजे 'लवकर कर ना!'. म्हणून कामाच्या सूचनांना आपण उगाच la जोडू नये. 'send la' हे वाचणाऱ्याला लाडिक वाटेल की वैतागलेलं, हे आपल्या हातात राहत नाही. आणखी एक. सिंगापूरच्या इंग्रजीतला lah तुम्ही ऐकला असेल. तो दिसायला सारखा असला तरी वेगळ्या शहरातला, वेगळ्या सवयींचा शब्द आहे. त्यावरून हाँगकाँगच्या la चा अर्थ लावू नका.

गाचा उच्चार आधी सांगतो, कारण मराठी कानाला तो फसवतो. ज्युतपिंग या रोमन लेखनपद्धतीत तो gaa असा लिहितात, पण कँटोनीजमध्ये आपल्यासारखा 'ग' नाहीच. तो खरं म्हणजे महाप्राण नसलेला 'का' आहे. ऐकाल तेव्हा 'का' ऐकू येईल, आणि तो आपल्या प्रश्नार्थक 'का'शी मुळीच संबंधित नाही. हे अक्षर 嘅 आणि 呀, म्हणजे 'गे' आणि 'आ', यांच्या जोडीतून झालं आहे. 'गे' ठामपणा आणतो, 'हे असं आहे' असा. 'आ' त्याला बोलण्याच्या वळणावर आणतो. म्हणून 'need booking ga' म्हणजे 'तिथे आधी बुकिंग करावं लागतं, बरं का'. समोरच्याला ठाऊक नसलेली, पण ठाऊक असायला हवी अशी वस्तुस्थिती सांगताना गा येतो. प्रश्नात तो आला तर ठामपणा जातो: 你點知㗎, 'तुला कसं कळलं?'. चौथ्या, खाली उतरणाऱ्या सुरात म्हटला तर 'खरंच की काय?' असा आश्चर्याचा प्रश्न होतो. नव्यानं शिकणारे हा गा सढळ हातानं वापरतात, आणि तेव्हा प्रत्येक वाक्य शिकवल्यासारखं वाटू लागतं. आपल्याकडे दर वाक्याला 'बरं का' लावणारा माणूस जसा वाटतो तसं.

आता वॉ. चॅटमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. एक उदाहरण घेऊ. शुक्रवारी संध्याकाळी चार मित्रांचं मोंगकॉकमध्ये हॉटपॉट खायला जायचं ठरतंय. ग्रुपवर हे मेसेज येतात:

阿明唔嚟喎
佢話要開OT喎
咁我哋三個去啦
嗰間要訂位㗎

पहिल्या ओळीचा सरळ अर्थ 'आ-मिंग येत नाही' इतकाच. शेवटचा वॉ पाचव्या, हळूच वर चढणाऱ्या सुरात वाचला तर 'आ-मिंग येत नाही म्हणे'. ही बातमी माझी नाही, मी फक्त पोचवतोय. मधल्या सुरात वाचला तर 'अरे, आ-मिंग येत नाहीये की!', म्हणजे मला हे आत्ता लक्षात आलं, तुम्हीही ध्यानात घ्या. अक्षर दोन्हीकडे 喎 च, आणि रोमनमध्ये दोन्हीकडे wo. वॉचा आणखीही एक सूर आहे, अनपेक्षित गोष्टीवरच्या आश्चर्याचा, पण या मेसेजसाठी हे दोन पुरतात.

दुसरी ओळ शंका मिटवते. 佢話 म्हणजे 'तो म्हणतो', आणि 'तो म्हणतो, जादा वेळ थांबावं लागणार आहे' याच्या शेवटी येणारा वॉ हा 'म्हणे' आहे. आपलं 'म्हणे'ही नेमकं हेच करतं. 'त्याला काम आहे म्हणे' असं आपण म्हणतो तेव्हा खरंखोटं त्याच्यावर सोडून देतो, आणि आवाज थोडा बदलला तर त्यातच अविश्वासही येतो. पाचव्या सुरातल्या वॉचंही असंच आहे. दोन इतक्या दूरच्या भाषांनी वाक्याच्या शेवटी, एकाच छोट्या शब्दावर हे काम सोपवावं, याचा मला आजही आनंद होतो.

तिसऱ्या ओळीत उंच ला आहे: 'मग आपण तिघं जाऊ या ना'. तो नसता तर सुचवण्याऐवजी निर्णय जाहीर केल्यासारखं झालं असतं. चौथ्या ओळीतला गा सांगतो की त्या ठिकाणी आधी जागा राखावी लागते, तेव्हा कुणीतरी फोन करा. 'फोन करा' हे शब्द कुणीच लिहिलेले नाहीत.

म्हणे नसलेल्या, मधल्या सुरातल्या वॉचा एक उपयोग ऑफिसात फार दिसतो: नम्रपणे अडवणं. 'we have no time wo' म्हणजे 'पण आपल्याकडे वेळ नाही की'. हे नुसतं माहितीचं वाक्य समजून पुढे गेलात तर समोरच्यानं घेतलेली हरकत तुम्ही ऐकलीच नाही असं होतं. दोन्ही वॉ ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: लिहिणाऱ्याला हे स्वतःला दिसतंय, की त्याला कुणाकडून कळलंय? 'it's raining wo' लिहिणारा खिडकीपाशी आहे, तेव्हा तो 'की'. 'he not come wo' मध्ये निर्णय तिसऱ्या माणसाचा आहे, तेव्हा बहुधा 'म्हणे'.

ही अक्षरं एकावर एक रचताही येतात, पण क्रम ठरलेला असतो. 佢唔嚟㗎喇喎 मध्ये आधी गा, मग बदलाचा ला, मग वॉ: 'तो आता यायचाच नाही म्हणे'. वस्तुस्थिती सांगणारं अक्षर वाक्याला चिकटून राहतं आणि बोलणाऱ्याची भूमिका सांगणारं सगळ्यात बाहेर जातं. वॉ आधी आणि गा नंतर असं कुणी लिहीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी 'he not come wo' आलं, तर तो का येत नाही हे त्या लिहिणाऱ्याला विचारत बसू नका. तिनं किंवा त्यानं आधीच सांगितलंय की ही बातमी आपली नाही. थेट त्या न येणाऱ्या माणसालाच मेसेज करा, आणि लिहिणाऱ्याला उत्तरात 'ok, I ask him la' असं टाका. तो la बरोबर बसतो: 'बरं, मी विचारतो ना त्याला'.